पाणी काढायची घाई

दरवर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या पनवेलच्या साइटवर एक फाइल तयार होते. वर लिहिलेलं असतं, ‘पावसाळी कामाचा आराखडा’. आत नकाशा, पंपांची यादी, फोन नंबर, सह्या. बहुतेक साइटवर ही फाइल जून उजाडला की कपाटात जाते आणि ऑक्टोबरमध्ये धूळ झटकून बाहेर येते. मीही बरीच वर्षं तेच केलं. डिप्लोमा करून साइटवर उभा राहिलेला माणूस, मला वाटायचं पाऊस आला की बघू. पाऊस काय आपल्याला नवीन आहे? रायगडात जन्म गेला.

2011 च्या जुलैमध्ये माझा हा समज मोडला. त्याबद्दल मी आजवर घरात सोडून कुठे नीट बोललेलो नाही.

खाडीपासून फार लांब नसलेल्या एका इमारतीच्या तळघराचा खड्डा होता, साडेचार मीटर खोल. कंपनीचं नाव सांगत नाही, आता त्याला अर्थ नाही. दोन दिवस पाऊस कोसळला आणि रात्रीत खड्ड्यात अडीच मीटर पाणी भरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं. मला साहेबांचा फोन आला, दुपारपर्यंत खड्डा रिकामा पाहिजे. मी तीन पंप लावले. साडेदहाला तळ दिसला आणि मी स्वतःवर खूश झालो. चिखल काढायला दोन मजूर खाली उतरवले. अकराच्या सुमारास, वर लख्ख ऊन असताना, पूर्वेकडची कड खाली आली.

एकजण उडी मारून बाजूला झाला. दुसरा छातीपर्यंत गाडला गेला. जेसीबी शेजारीच उभा होता, पण त्याच्या बादलीने माणूस काढता येत नाही. माती काढता काढता माणसालाच लागेल, आणि मशीनच्या वजनाने कड पुन्हा घसरेल. पोरांनी हातांनी आणि तगाऱ्यांनी माती उपसली. चाळीस मिनिटं लागली. एक पाय मोडला होता, जीव वाचला.

संध्याकाळी अहवाल मी लिहिला: ‘अतिवृष्टीमुळे कड कोसळली’. सगळ्यांना ते पटलं. मलाही तेव्हा पटलं होतं. पण त्या दिवशी पाऊस नव्हताच. कड पावसाने पाडली नव्हती, मी लावलेल्या पंपांनी पाडली होती.

हे समजायला मला काही वर्षं लागली. माती पाणी पिते हे सगळ्यांना माहीत असतं. पण खड्डा पाण्याने भरलेला असताना ते पाणी कडेला आतून टेकूसारखं धरून असतं. एक मीटर खोलीवर पाणी दर चौरस मीटरला एक टन एवढा दाब देतं, दोन मीटरवर दोन टन. दोन दिवसांत कडेच्या मातीतही पाणी मुरलेलं असतं. आता आपण तीन तासांत समोरचं पाणी काढून घेतो. टेकू गेला. मातीच्या आतलं पाणी मात्र तीन तासांत निघत नाही. भरावाच्या आणि चिकणमातीच्या कडेतून ते झिरपायला दिवस लागतात. म्हणजे कड भिजून जड झालेली, आतलं पाणी तिला बाहेर ढकलणारं, आणि समोर आधार नाही. धरणांच्या मातीच्या भिंतींबाबत हे इंजिनीयर लोक फार आधीपासून ओळखून आहेत, म्हणून जलाशय एकदम रिकामा करत नाहीत. इमारतीच्या खड्ड्यालाही तोच नियम लागू आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कदाचित सांगितलं असेल आणि मी वहीत लिहून विसरलो असेन.

म्हणून आता माझ्या आराखड्याचं पहिलं पान पंपांच्या यादीचं नसतं. आधी पाणी खड्ड्यात येऊच नये याचं असतं, आणि आलंच तर ते किती हळू काढायचं याचं.

गेल्या काही वर्षांतल्या एका साइटचा हिशेब सांगतो. जुन्या पनवेलच्या बाजूला खड्डा होता, 40 मीटर लांब, 25 मीटर रुंद, साडेपाच मीटर खोल. वरचा दीड मीटर जुना भराव, त्याखाली मीटरभर पिवळी चिकट माती, मग दोन मीटर मुरूम आणि तळाला मऊ पडलेला खडक. तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस झाला, आणि आपल्याकडे तो होतो, तर हजार चौरस मीटरच्या या खड्ड्यात आभाळातून थेट 50 घनमीटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे पाच टँकर. पण शेजारचा रस्ता आणि मोकळा प्लॉट, मिळून तीन हजार चौरस मीटर जागा, आमच्याकडे उतरती होती. तिथल्या पावसाचा वीस टक्के भाग मुरला असं धरलं, तरी 120 घनमीटर पाणी आमच्या दारात. म्हणजे खड्डा भरणाऱ्या पाण्यापैकी निम्म्याहून कितीतरी जास्त पाणी आभाळातून येतच नाही, शेजारून येतं. गढूळ पाणी उपसताना पाच हॉर्सपॉवरचा एक पंप तासाला साधारण 40 घनमीटर काढतो. थेट पावसापुरते दोन पंप पुरतात. शेजारचं पाणी आत घेतलं तर पाच लागतात, आणि पाचही चालू राहतील याची हमी कोण देणार?

त्यामुळे मेमध्ये आम्ही खड्ड्याभोवती गुडघाभर उंचीचा बांध घातला आणि त्याच्या बाहेरून सिमेंटने लिंपलेला चर काढला. चर कडेपासून दोन मीटर लांब ठेवला. जवळ असता तर त्यातूनच पाणी मुरून कड भिजली असती. लिंपायचं कारणही तेच. उतारांवर प्लास्टिक अंथरलं, ते कौलांसारखं: वरचा थर खालच्या थरावर चढलेला, म्हणजे पाणी सांध्यातून आत शिरत नाही. प्लास्टिकची वरची कड चरात पुरली आणि वर वाळूच्या गोणी ठेवल्या. बहुतेक साइटवर प्लास्टिक नुसतं कडेवर टाकून दगड ठेवतात. पहिल्या वाऱ्यात ते उडतं, आणि जिथे उडत नाही तिथे त्याच्या मागून पाणी शिरून कड आतून सडते. बाहेरून सगळं झाकलेलं, नीटनेटकं दिसतं.

उतार मातीप्रमाणे ठेवले. भराव सगळ्यात अशक्त, म्हणून त्याला एक मीटर उंचीला दीड मीटर पसरट उतार, आणि त्याच्या पायथ्याशी मीटरभर रुंद पायरी. मुरूम थोडा उभा चालतो. सळईचे ढीग, उकरलेली माती आणि काँक्रीटच्या गाड्या खड्ड्याच्या खोलीपेक्षा जास्त अंतरावर. भरलेला मिक्सर पंचवीस टनांच्या पुढे जातो. तो कडेला उभा राहिला की भिजलेल्या मातीवर ते वजन सगळं एका जागी येतं.

आता पाणी टाकायचं कुठे? नाल्यात. आणि नाला जातो खाडीकडे. इथे मला माझे आजोबा आठवतात. पनवेल बंदरात गलबतं लागायची त्या काळातले ते. भरतीचं वेळापत्रक त्यांना पाहावं लागत नसे, चांदची तारीख पुरायची. महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला आणि चौदाव्या-पंधराव्याला उधाण. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास दुपारी बारा-साडेबाराला भरती, पुढे रोज पाऊण तासाने उशिरा. लहानपणी मला वाटायचं ही फक्त रमजान-ईदची तारीख आहे. साइटवर मला ती पंपासाठी उपयोगी पडली. उधाणाच्या भरतीला नाल्याचं तोंड खाडीच्या पाण्याने बंद होतं. तेव्हा पंप चालवला तर आपलंच पाणी नाल्यातून रस्त्यावर येतं आणि बांधाशी परत उभं राहतं. डिझेल जळतं, खड्ड्यातली पातळी तीच राहते. मी भरतीच्या वेळा महिन्याभराच्या लिहून पंपाच्या शेडमध्ये चिकटवतो. जोरात उपसायचं ते ओहोटीला.

तरीही खड्डा भरला तर? आमच्या भूतंत्र सल्लागाराने त्या मातीसाठी ठरवून दिलं होतं, पाण्याची पातळी दिवसाला एक मीटरपेक्षा जास्त उतरवायची नाही. मुरमाला याहून वेगात चाललं असतं, पण वरचा भराव आणि चिकणमाती हळू सुकतात, म्हणून वेग त्यांचा धरायचा. तळाजवळ आम्ही बांबूला रंगाच्या रेषा मारून पट्टी उभी केली होती. अडीच मीटर पाणी म्हणजे अडीच दिवस. मालकांना हे सांगताना घसा कोरडा पडतो. पण 2011 मध्ये मी वाचवलेल्या अडीच दिवसांपायी काम नंतर सहा आठवडे बंद होतं.

कड खाली येणार हे आधी दिसतं. फक्त कुणीतरी बघायला पाहिजे. कडेपासून मीटर-दीड मीटर मागे कडेला समांतर बारीक भेग पडते. भराव आणि चिकणमाती जिथे भेटतात त्या रेषेवर पाणी पाझरू लागतं. स्वच्छ पाणी पाझरलं तर लक्ष ठेवायचं, गढूळ झालं तर माणसं वर काढायची, कारण ते पाणी आतली माती घेऊन येतंय. कारण नसताना खडे गळू लागतात. कुंपणाचे बांबू खड्ड्याकडे झुकतात. पायथ्याशी कड पोटासारखी फुगते. आम्ही कडेपासून ठराविक अंतरावर खुंट्या ठोकतो आणि त्यांच्यातलं अंतर रोज टेपने मोजतो. दहा मिलिमीटर वाढलं की त्या बाजूला कुणी उतरत नाही, मग ऊन असो की पाऊस. उन्हाच्या दिवशी तर मोजणी दुप्पट, कारण त्या दिवशी सगळ्यांना घाई असते.

या आराखड्याला मर्यादा आहे आणि ती लिहून ठेवलेली बरी. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. तसा दिवस आला तर कुठलाही बांध आणि पंप पुरणार नाही. त्या दिवसाचा आराखडा एका ओळीचा आहे: माणसं आणि मशीन वर काढा, वीज तोडा, खड्डा भरू द्या. भरलेला खड्डा धोक्याचा नाही. तो घाईने रिकामा करणारा माणूस धोक्याचा.

काँक्रीटमध्ये प्रश्न पुन्हा घाईचाच येतो, फक्त दिशा बदलते. तिथे पाणी काढायची नाही, ओतायचं काम पूर्ण करायची घाई असते.

त्याच साइटवर जुलैमध्ये पायाच्या राफ्टचा एक भाग ओतायचा होता: 15 मीटर बाय 12 मीटर, जाडी 60 सेंटिमीटर. म्हणजे 108 घनमीटर, सहा घनमीटरच्या अठरा गाड्या. स्ट्रक्चरल इंजिनीयरला आधीच विचारून आम्ही तो पाच-पाच मीटरच्या तीन पट्ट्यांत विभागला होता. दर सहा गाड्यांनंतर थांबता येईल अशी जागा, तिथे जाळीची आडवी शटरिंग तयार, सळया तिच्यातून आरपार गेलेल्या. ही तयारी बहुतेक वेळा वाया जाते. त्यामुळेच ती करायला कुणी राजी नसतं.

सकाळी सहाला सुरुवात केली. दहाच्या सुमारास अकरावी गाडी रिकामी होत होती तेव्हा उरणहून एका मित्राचा फोन आला, “इकडे कोसळायला लागलाय.” आपल्याकडे पाऊस समुद्राकडून येतो. उरणला कोसळला की पनवेलला बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासात पोचतो. मी सांगितलं, बारावी गाडी घ्या आणि दुसऱ्या रेषेवर थांबा. कंत्राटदार तिथेच होता. दोन गाड्या प्लांटमधून निघाल्या होत्या, म्हणजे साठ-सत्तर हजार रुपयांचा माल परत.

तो म्हणाला, “साहेब, सहाच गाड्या राहिल्यात. ताडपत्री धरून उरकून टाकू.”

मी त्याला वहीवर हिशेब करून दाखवला. शेवटच्या पट्टीचं क्षेत्र 60 चौरस मीटर. ओल्या काँक्रीटवर फक्त पाच मिलिमीटर पाऊस पडला, अगदी दहा मिनिटांची सर, तर 300 लिटर पाणी. वरच्या दहा सेंटिमीटर थरात सहा घनमीटर काँक्रीट असतं. आमच्या मिश्रणात त्या सहा घनमीटरला 984 लिटर पाणी आणि 2460 किलो सिमेंट, म्हणजे पाणी-सिमेंटचं प्रमाण 0.40. त्यात 300 लिटर मिसळलं तर ते 0.52 होतं. आपण एका मिश्रणाचे पैसे दिले आणि वरचा थर दुसऱ्याच, कमी ताकदीच्या मिश्रणाचा बसला. सगळं पाणी मिसळत नाही हे खरं, काही वाहून जातं. पण व्हायब्रेटर आणि थापी मारणारा हात ते आत ढकलतात.

तो काही बोलला नाही. गाड्या परत गेल्या.

बारावी गाडी संपली, शटरिंगच्या रेषेवर काँक्रीट नीट दाबून घेतलं, आणि पाइपच्या सांगाड्यावर ताडपत्र्या ओढल्या. ताडपत्री काँक्रीटला टेकता कामा नये, नाहीतर ती खोलगट होते, तिच्यात पाणी साचतं आणि एकदम ओतलं जातं. पाऊस आला. आमच्या साध्या पर्जन्यमापकात तासाभरात 22 मिलिमीटर भरला. एका कोपऱ्यातली ताडपत्री सुटली आणि साधारण दहा चौरस मीटर पृष्ठभाग भिजला. तिथे एक मिस्त्री सवयीने कोरडं सिमेंट भुरभुरायला निघाला होता, त्याला थांबवलं. सिमेंट टाकून ओल शोषली जाते असं वाटतं, पण वर एक पातळ, ठिसूळ कातडी तयार होते, जी नंतर सोलून निघते. पाणी रबरी पट्टीने एका बाजूला ओढून शटरिंगच्या भोकातून बाहेर काढायचं आणि पृष्ठभागाला हात लावायचा नाही, एवढंच करायचं असतं.

पंपाची एक गोष्ट इथे सांगायला हवी. पाणी गोळा करायचा जो खड्डा असतो, त्याला आम्ही साइटवर संप म्हणतो आणि मजूर दरवर्षी त्यावर तोच विनोद करतात. तो ओतायच्या जागेच्या बाहेर दीड-दोन मीटरवर हवा. जवळ असला तर पंप ओल्या काँक्रीटखालून पाणी ओढतो आणि त्याबरोबर सिमेंटही जातं. पंपातून दुधाळ पाणी येऊ लागलं की समजायचं, पाया धुतला जातोय.

दुसऱ्या दिवशी तो कोपरा खिळ्याने खरवडून पाहिला. पांढरी भुकटी निघाली. खडी दिसेपर्यंत बारा-पंधरा मिलिमीटर थर टाचून काढला आणि बाकी सांधा तारेच्या ब्रशने खरखरीत करून धुतला. उरलेली पट्टी दोन दिवसांनी ओतली, सांधा ओलसर ठेवून, डबकं नाही.

28 दिवसांनी क्यूब पास झाले. कंत्राटदार रिपोर्ट घेऊन आला, “बघा साहेब, उगाच घाबरलात.” क्यूब गाडीतून घेतलेल्या काँक्रीटचे होते. त्यांच्यावर पाऊस पडलाच नव्हता. पावसाने काँक्रीटचं काय केलं हे क्यूब कधीच सांगत नाहीत. म्हणून भिजलेल्या कोपऱ्यावर आम्ही हातोडीची चाचणी वेगळी केली आणि शेजारच्या कोरड्या भागाशी आकडे ताडून पाहिले. टाचल्यानंतरचे आकडे जुळले. टाचण्याआधी घेतलेले जुळले नव्हते. तो कागद मी रिपोर्टच्या मागे टाचून ठेवला.

2011 मध्ये गाडला गेलेला तो मजूर आज मुकादम आहे. गेली काही वर्षं तो माझ्याच साइटवर असतो. लातूरकडचा, कमी बोलणारा, पाय थोडा ओढत चालणारा. खुंट्यांची मोजणी तो दुसऱ्या कुणाला देत नाही. सकाळी कडेभोवती एक फेरी मारून तो टेपचे आकडे वहीत लिहितो, मग पोरं खाली उतरतात.

दोन वर्षांपूर्वी मी त्याला एकदा सांगितलं की त्या अहवालात मी अतिवृष्टी लिहिलं होतं. तो म्हणाला, “साहेब, मला तवाच ठावं होतं. पाऊस नव्हता त्या दिवशी.”

आता आराखड्याच्या पहिल्या पानावर, पंपांच्या यादीच्या वर, एक ओळ माझ्या अक्षरात असते: पातळी दिवसाला एक मीटर, त्याहून जास्त नाही, कुणाचाही फोन आला तरी. खाली माझी सही असते, आणि मुकादमाची.